नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी

दि. ९ फेब्रुवारी

माननीय वकीलबाई,

सविनय नमस्कार.

आमच्या दिवंगत आईच्या नावे असलेल्या घराचा वारसदाखला, त्यानंतरची नोंद आणि थोरल्या बहिणीने माझ्या लाभात करून दिलेले हक्कसोडपत्र, ही सर्व कामे आपण पूर्ण करून दिलीत. नोंदणी झालेला मूळ दस्त काल आपल्या कारकुनांकडून मिळाला. पाने मोजून घेतली, शिक्के तपासले, सर्व बरोबर आहे.

गेले चौदा महिने आपण हे काम ज्या शांतपणे हाताळलेत त्याबद्दल आम्ही दोघी बहिणी मनापासून आपल्या आभारी आहोत.

आपली विश्वासू,
मधली
(आपल्या फायलीवर कारकुनांनी असेच लिहिले आहे, म्हणून)

---

दि. १५ फेब्रुवारी

वकीलबाई,

नमस्कार. खोकला कमी झाला का? त्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या जिन्यावर तुम्ही दोनदा थांबलात, तेव्हापासून मनात आहे. गरम पाणी पिताच, पण डॉक्टरांनाही एकदा दाखवा.

मागच्या आठवड्यातलं माझं आभाराचं पत्र मिळालं असेल. दुकानातल्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर चार वेळा खरडून मग ते चांगल्या कागदावर उतरवलं. छोटंसं पत्र, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण चष्म्यांच्या काचा घासण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. काच लख्ख पुसली म्हणजे नंबर बरोबर असतोच असं नाही, एवढं मला कळतं. ते पत्र तसं होतं, लख्ख.

हे दुसरं पत्र फायलीला लावू नका. किंवा लावा, तुमची मर्जी. आधी वाचा मात्र पूर्ण. यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्याच टेबलावर घडलं. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसत होतं ते सांगितल्याशिवाय शेवटची गोष्ट सांगता येणार नाही.

आम्ही दोघी पहिल्यांदा आलो तेव्हा ताई बोलत होती आणि मी भिंतीवरच्या कपाटातल्या फितीनं बांधलेल्या फायली बघत बसले होते. ताईनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. तिनं आमचं घराणं तुमच्यापुढे गणितासारखं मांडलं. घर आईचं. मृत्युपत्र नाही. वडील आधीच गेलेले. मुलं तीन. त्यातला धाकटा, आमचा बारक्या, नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेला, तो बेपत्ता. तेव्हा आईनं पोलिसांत दिलेली तक्रार आणि ‘थांगपत्ता लागला नाही’ असा त्यांचा अहवाल ताईनं जपून ठेवला होता. तिचं म्हणणं एवढंच, की घर विकून टाकावं, दोघींनी मोकळं व्हावं. बारक्याच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं.

तुम्ही समजावलं, की सात वर्षं एखाद्याची काहीच खबर नसेल, आणि ज्यांना ती सहज लागायला हवी त्यांनाही लागलेली नसेल, तर कोर्ट तो मरण पावला असं धरून चालू शकतं. पण कोर्ट मरण धरतं, तारीख धरत नाही, असंही म्हणालात. तो आईच्या आधी गेला की नंतर, हे वेगळं शाबीत करावं लागेल. नंतर गेला असेल तर त्याचा तिसरा हिस्सा त्याचा झालेलाच आहे, आणि मग त्याची बायको-मुलं कुठे आहेत का ते पाहावं लागेल. ताई पटापट टिपून घेत होती. मला मात्र ‘धरून चालतं’ हेच दोन शब्द ऐकू येत राहिले. आमच्या आईनं तो जिवंत आहे असं धरून साडेसात वर्षं काढली होती.

तुम्ही बारक्याला पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. तो रंगारी होता. घरांचे रंग, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते. हात असा साफ की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. माणूस मात्र एका जागी न टिकणारा. दहा मिनिटं कुठे बस म्हटलं तर पाचव्या मिनिटाला खुर्ची रिकामी. वडील दवाखान्यात होते तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या होत्या. दुपारची पाळी त्याची. तो विडी ओढायला खाली उतरला आणि तेवढ्यात वडील गेले. एकटे. मी डबा घेऊन पोचले तर शेजारच्या खाटेवरचा पेशंट मला खुणेनं सांगत होता.

त्यानंतर दोन महिने मी त्याला सोडलं नाही. ओरडले नाही कधी. ओरडणं परवडलं असतं. जेवायला बसला की म्हणायचे, “पाच मिनिटं बसवलं नाही तुला.” रोज, ताट वाढताना. तेव्हा तो वरची खोली रंगवत होता. एका दुपारी डबा, ब्रश सगळं तिथेच टाकून गेला. छताखाली हातभर पट्टा तसाच राहिला, जुन्या रंगाचा. आईनं तो कोणाला पुरा करू दिला नाही. पुढे दाराचं कुलूप बिघडलं तेव्हा नवं घ्यायला तयार नव्हती, जुनंच तीनदा दुरुस्त करून घेतलं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जुनी किल्ली त्याच्याकडे होती.

आता त्या प्रतिज्ञापत्राच्या दिवसाकडे येते.

तुम्ही मसुदा वाचून दाखवत होतात. सवयीप्रमाणे एक एक परिच्छेद, सावकाश, मध्ये थांबून ‘हे बरोबर?’ असं विचारत. पाचवा परिच्छेद असा होता, की गेल्या सात वर्षांत अर्जदारांना किंवा त्यांच्या माहितीतल्या कोणालाही सदर इसम हयात असल्याचे कोणत्याही मार्गाने समजलेले नाही. ताई म्हणाली, “बरोबर.” मी काही बोलले नाही. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. माझे हात मांडीवर होते आणि मी एका अंगठ्यानं दुसऱ्या हाताचं नख खरवडत होते. तुम्ही कागद खाली ठेवलेत आणि ताईला म्हणालात, की नोटरी आज लवकर जाणार आहेत, सह्या उद्या करू. नोटरी शेजारच्याच खोलीत बसले होते, त्यांचा शिक्का मारल्याचा आवाज येत होता. तुम्ही ताईसमोर एवढं एकच खोटं बोललात असं मी म्हणेन, आणि ते माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी तुमच्याकडे आले. जे सांगितलं ते आता लिहून देते.

त्या दिवसाच्या पाच वर्षांपूर्वी, म्हणजे तो गेल्यावर चार वर्षांनी, दुकानात फोन आला. दुपारची वेळ, मालक जेवायला गेलेले. मी काच घासणीवर धरून होते, तशीच ओल्या हातानं उचलला. तो म्हणाला, “मी बोलतोय.” नाव सांगितलं नाही. गरजच नव्हती. आई कशी आहे विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. मग म्हणाला, “येऊ का गं?”

वकीलबाई, त्या आठवड्यात आई पहिल्यांदा नीट जेवायला लागली होती, म्हणून मी तसं बोलले असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते अर्धंच. चार वर्षं तिच्या गोळ्या, तिची पथ्यं, तिचे पाय चेपणं मी करत होते, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. तो आला असता तर तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नसतं, कुठे होतास म्हणून. मला ते बघायचं नव्हतं.

मी म्हटलं, “येऊ नकोस. आमच्या लेखी तू मेलास.”

त्याच्या मागे हातोड्यांचे आवाज येत होते. मग म्हणाला, बरं, पण पत्ता तरी लिहून घे. बसगाड्यांचे सांगाडे बांधतात अशा एका कारखान्यात तो रंगकामाला होता, सहा तासांवरच्या गावात. मी लिहून घेतला. काचा ज्या लहान पाकिटांत येतात त्यातल्या एकावर. पाकीट माझ्या खणात स्क्रूंच्या डबीखाली ठेवलं. फेकलं नाही, आणि पत्रही टाकलं नाही.

आईला सांगितलं नाही. ताईलाही नाही. तीन-साडेतीन वर्षांनी आई गेली, तेव्हा तिची खुर्ची दाराकडे तोंड करूनच होती.

हे सगळं ऐकून तुम्ही थर्मासमधून पाणी ओतून घेतलंत आणि मलाही दिलंत. मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, “आता मला हे माहीत आहे. म्हणजे ते प्रतिज्ञापत्र मी दाखल करू शकत नाही आणि तुम्ही सही करू शकत नाही. ते संपलं. आता काय करता येईल ते बघू.” जसं काही दळणाच्या डब्याचं झाकण हरवलं आणि दुसरं शोधायचं आहे.

मग दुसरी गोष्ट सांगितलीत, ती मला पहिलीपेक्षा जड गेली. तुम्ही आम्हा दोघींच्या वकील होतात. एकीनं सांगितलेलं दुसरीपासून लपवून तुम्हाला काम करता येणार नव्हतं. एक तर मी ताईला सांगायचं, नाहीतर तुम्ही कारण न देता दोघींचे कागद परत करणार. सक्ती नाही, घाई नाही. चार दिवस दिलेत.

चौथ्या दिवशी तुमच्याच कचेरीत सांगितलं. तुम्ही फाइल उचलून बाहेर कारकुनांजवळ जाऊन बसलात, दार लोटून. ताई सगळं ऐकून घेईपर्यंत हलली नाही. मग विचारलं, “आईला सांगितलं होतंस?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “बरं.” मग तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. “नाकावर सैल झालाय. घट्ट करून दे.” माझ्या पर्समध्ये लहान पेचकस असतोच. मी स्क्रू आवळला, तिनं तो घातला, आणि आम्ही तुम्हाला आत बोलावलं.

तुम्ही दुसरा रस्ता दाखवलात. वाटणीचा दावा. बारक्याला त्यात जिवंत माणूस म्हणून प्रतिवादी करायचं, समन्स काढायचं, सापडला नाही तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स. कोर्टानं घर विकायला लावलं तर त्याचा हिस्सा त्याच्या नावानं कोर्टात सुरक्षित. तो कधी आला तर त्याचं त्याला. ताईनं विचारलं, किती वर्षं लागतील. तुम्ही म्हणालात, लागतील. आणि दाव्याआधी शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालानं नोटीस जायलाच हवी. ते काचेचं पाकीट मी तुमच्या हातात दिलं, तेव्हा अक्षरं फिकट झाली होती. तुम्ही भिंगाखाली धरून वाचलंत.

एकोणीस दिवसांनी तुमचा निरोप आला. मी येऊन बसले. तुम्ही काही प्रस्तावना केली नाहीत. लखोटा न फोडलेला होता. वर त्याचं पूर्ण नाव, तुमच्या कारकुनांच्या टंकलेखनात. त्यावर आडवी निळ्या शाईची पोस्टमनची ओळ: ‘मयत. सबब परत.’ खाली सही.

तुम्ही माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसलात. टेबलाच्या पलीकडून इकडे आलात, एवढंच. त्याबद्दल मी सात ओळींच्या पत्रात आभार मानू शकले नाही, कारण ते कुठल्या कामात धरायचं मला कळेना.

पोस्टमनच्या शेऱ्यानं कोर्टात मरण शाबीत होत नाही, म्हणून तुम्ही त्या गावच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून उतारा मागवलात. आला तो चुकीच्या नावाचा. एक अक्षर वेगळं, वडिलांच्या नावाची जागा कोरी. तारीख आईच्या आधी दहा महिन्यांची. ताईनं बोटांवर मोजलं आणि मोजता मोजता थांबली. आई शेवटचे दहा महिने ज्या पावलांची वाट बघत होती, ती पावलं नव्हतीच. आणि एरवी आपण धरून चालणार होतो तेच खरं निघालं होतं. मी त्या दिवशी सही केली असती तर तो मेला आहे हे खरं ठरलं असतं, फक्त शपथ खोटी. तुम्हाला हे बोलून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “खोटी शपथ ही खोटीच. पुढे काय निघालं त्यानं ती धुतली जात नाही.” शांतपणेच. मी ते वाक्य बरोबर घेऊन घरी गेले.

नाव दुरुस्त करायला तो आमचाच आहे हे दाखवायला हवं होतं. तुम्ही यादी दिलीत: त्याचा शाळेचा दाखला, आम्हा दोघींची प्रतिज्ञापत्रं, कारखान्यातल्या कोणा ओळखणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि दवाखान्यातले केसपेपर, ज्यात शरीरावरची खूण लिहिलेली असते. त्यासाठी आम्ही दोघी तिकडे गेलो. तिथलं मी तुम्हाला कागदांपुरतंच सांगितलं. बाकीचं आता.

कारखान्याचा मुकादम म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा, एक दांडी तारेनं बांधलेली. त्यानं आम्हाला शेडमधून नेलं. उघडे सांगाडे उभे होते, खिडक्यांच्या जागी भोकं. एका नव्या गाडीच्या कुशीवर पट्टा ओढलेला होता, पिवळा, पट्टी न लावता सरळ. मी थबकले. मुकादम म्हणाला, हा त्यानं शिकवलेल्या माणसाचा हात आहे. बारक्याला फुप्फुसाचं दुखणं झालं होतं. रंगाचा फवारा, वर विडी. दवाखान्यात अकरा दिवस होता. शेवटचं सगळं मुकादमानं आणि चौघा कामगारांनी केलं. बायको नाही, मूल नाही, त्यानं शपथेवर लिहून दिलं.

मग त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “चष्म्याच्या दुकानातली ती तुम्हीच का?” मी मान हलवली. तो म्हणाला, “तो सांगायचा. म्हणायचा, बहीण तोंडाची फटकळ आहे. येऊ नको म्हणालीय, पण पत्ता लिहून घेतलाय. राग उतरला की तीच बोलावील.”

ताईनं माझा दंड धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता.

दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या बाईनं जुना गठ्ठा काढला. ओळखीची खूण: डाव्या करंगळीचं टोक नाही. ते लहानपणी आमच्याच दारात चेंगरलं होतं, दार मी लावलं होतं, सहा वर्षांची होते. हे आपल्याला हवं होतंच. पण त्याच कागदावर खाली जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. तिथे लिहिलं होतं ‘बहीण’, आणि दुकानाचा फोन नंबर. त्याला तो पाठ होता. शेजारी तीन तारखा, आणि तिन्हींपुढे एकच शेरा: ‘नंबर अस्तित्वात नाही.’ शेवटची तारीख तो जाण्याच्या आदल्या दिवसाची.

बाहेर बाकावर ताई म्हणाली, “दुकानाचा नंबर कधी बदलला गं?” मी म्हटलं, “मालकांनी बदलला. बरीच वर्षं झाली.” ती म्हणाली, “नशीब बघ त्याचं.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढचं सगळं तुमच्यासमोर झालं. नाव दुरुस्त झालं. दोन्ही गावांच्या वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस लागली, कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा म्हणून. ते तीस दिवस मी दुपारी दुकानातून घरी जेवायला यायचे आणि दार उघडं ठेवून बसायचे. काय वाटत होतं सांगता येत नाही. हरकत आली नाही. वारसदाखला निघाला, घर दोघींच्या नावावर चढलं, निम्मं निम्मं.

आणि मग ताईनं सांगितलं की तिला विकायचं नाही, हिस्साही नको, मी राहतेय तर घर माझ्याच नावावर असू दे. तुम्ही तिला एकटीला बोलावून विचारलंत, कोणाचा दबाव आहे का, विचार झालाय का. पंधरा दिवस थांबायला लावलंत. पंधरा दिवसांनी ती तेच म्हणाली.

मसुदा वाचताना तुम्ही त्या ओळीपाशी आलात: ‘मी माझा सदर मिळकतीतील अविभक्त निम्मा हिस्सा नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, विनामोबदला, स्वखुशीने सोडत आहे.’ ताईनं हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा. विचारलं, “हे शब्द असायलाच हवेत का?”

तुम्ही म्हणालात, “नको असतील तर काढू. विनामोबदला आणि स्वखुशीने, एवढं पुरतं. तुम्हाला जे म्हणायचं नाही ते दस्तात असू नये.”

ताई खिडकीकडे बघत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी तिच्या चष्म्याचा स्क्रू बघत होते. मग ती म्हणाली, “असू द्या. आहे ते खरं आहे.”

निबंधकापुढे तिनं पानापानावर सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. दोन साक्षीदार झाले. तुम्ही शाई पुसायला तिला रुमाल दिलात.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते.

दुकानाचा नंबर मालकांनी आपणहून बदलला नव्हता. बारक्याच्या फोननंतर आठवडाभर घंटी वाजली की माझ्या हातातली काच सुटायची. दोन काचा फुटल्या. मी मालकांना सांगितलं, की कोणी तरी टवाळ माणूस फोन करून घाणेरडं बोलतो, मला एकटीला भीती वाटते. मालक सज्जन, त्यांनी त्याच महिन्यात नंबर बदलून घेतला. सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या नंबरची कार्डं वाटली. ती कार्डं मीच छापखान्यातून आणली होती. बसगाड्यांच्या कारखान्याचा पत्ता माझ्या खणात होता, तिकडे एक कार्ड टाकायला तिकिटापुरताच खर्च होता.

तो विडी ओढायला गेला म्हणून वडील एकटे गेले, हे मी त्याला दोन महिने ऐकवलं. तो स्वतः अकरा दिवस एकटा होता, आणि तीन वेळा त्यानं आमच्या दाराशी हाक मारायला लावली. दार मी लावून घेतलेलं होतं.

घर आता माझ्या एकटीचं आहे. रोज दुपारी घरी येते. वर त्या खोलीत जात नाही. पण जेवताना वर कोणी तरी स्टूल सरकवल्यासारखा आवाज येतो, छताखालचा पट्टा पुरा करायला लागतं तसं. घाबरत नाही मी. ताट थांबवून ऐकते. मग म्हणते, “बस पाच मिनिटं.” आवाज थांबतो.

हे तुम्हाला का लिहिते? कायदेशीर सल्ला नको आहे. सल्ला तुम्ही मागेच दिला होता: एकीनं सांगितलेलं दुसरीपासून लपवून काम करता येत नाही. मला वाटलं होतं तो वकिलांचा नियम आहे. ताईनं जे सोडलं ते मी खोटं बोलले त्या बाकावरून उठून सोडलं. ‘आहे ते खरं आहे’ म्हणाली तेव्हा तिला सगळं ठाऊक नव्हतं. दस्तातले ते शब्द तिनं पुन्हा एकदा, सगळं कळल्यावर, ठेवायचे की काढायचे ते ठरवावं. तिनं मागितला तर तिचा निम्मा हिस्सा परत तिच्या नावावर करून द्यायला मी तयार आहे, त्याचा खर्च माझा. तिनं नुसतं तोंड फिरवलं, तर त्यासाठी कुठलाच कागद लागत नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की आम्ही दोघी आभारी आहोत. तिच्या वतीनं लिहायचा मला हक्क नव्हता. म्हणून आता फक्त माझ्याकडून: तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि सही उद्यावर ढकललीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. तुम्ही तेव्हा घाई केली असती तर माझा भाऊ एका ओळीत मेला असता, आणि कोणी त्याला शोधायला गेलं नसतं. तो करंगळीच्या खुणेवरून मिळाला. उशिरा का होईना, त्याच्याच नावानं.

तब्येतीला जपा. चष्म्याची डावी काच तुम्हाला आता कमी पडतेय, वाचताना तुम्ही मान वाकडी करता. केव्हाही या, नाहीतर मी येऊन नंबर काढून नेते.

आपली,
ज्या नंबरवर हाक पोचली नाही, तो बदलून घेणारी,
मधली

प्रत रवाना: ताईस. आजच्याच टपालाने, नोंदणीकृत.